ओल्या ग्लासावरचा रंग

अर्चनाआत्याचं लग्न माझ्यामुळे मोडलं असं सगळ्यांना वाटतं. कोणी बोलत नाही, पण मला काय कळत नाही का? खरं तर चूक आईच्या हातांची होती.

आमचे बाबा बोईसरला रंगाच्या कंपनीत आहेत. तो रंग मोठा लबाड. कोरडा असला की नुसती मातकट भुकटी. घाम आला, पाणी लागलं की मग गुलाबी फुलतो. बाबांची उशी, टॉवेल, सगळं गुलाबी व्हायचं. दिवाळीपासून मात्र टॉवेल पांढराशुभ्र. म्हणजे बाबांना ऑफिसात घेतलं, हे मी कोणी न सांगता ओळखलं. ते कंपनीचा शर्ट घालून निघतात, स्टेशनाजवळच्या बाकावर बसून फोन लावतात आणि सगळ्यांना ‘साहेब, साहेब’ म्हणतात. मी शाळेतून येताना पाहिलंय.

आई बेटेगावला शिवणक्लासला जाते. हल्ली तिचे हात गुलाबी होतात. कापड रंगवायलाही शिकवत असणार.

रविवारी आत्याला बघायला मुलाकडचे आले. मुलगा वीज केंद्रात, त्याची आई सोजराबाई. आईने सकाळपासून हात घासून घासून कोरडे केले होते. पण फ्रीजमधल्या गार पाण्याचे ग्लास बाहेर आल्याआल्या ओले झाले आणि सोजराबाईंच्या ग्लासावर आईची गुलाबी बोटं उमटली. आईने पटकन हात पदरात घेतले.

“हे काय वो?” सोजराबाईंनी विचारलं.

बाबांनी घाईने पोह्यांची बशी पुढे केली. मला राग आला. पाहुण्यांना उत्तर द्यायला नको?

“आई क्लासला जाते ना,” मी म्हटलं. “तिथे कंपन्यांचे रिकामे ड्रम येतात. आत सोड्याचं पाणी ओतायचं, आडवा पाडून पायाने लोळवायचा, मग काथ्याने घासायचा. आई आत्याला सांगत होती. आधी बाबांना लागायचा रंग. आता ते बाकावर बसतात, त्यांना नाही लागत.”

बाबांनी मान खाली घातली. आत्या रडायला लागली.

“तुम्ही तर परमनंट म्हणालात,” सोजराबाई हळूच म्हणाल्या. पोह्यांना हातही न लावता त्या उठल्या. “कळवतो आमी.”

ते गेल्यावर मला इतकी लाज वाटली की मी आईवर ओरडले, “हात नीट धुतले असतेस तर जमलं असतं. घाणेरडी कुठली!”

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाबांकडे पाहत होती.

आता बाबा मारणार, असं मला वाटलं. पण ते मोरीत गेले, दार लावून नळ मोठा सोडला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, साबण गेला असणार. मी आईला म्हटलं, “बघ, हात असे धुतात.”