दाबल्यावर लागणारा नंबर

माझे थोरले दीर लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणजे त्यांची चार माणसं दुरुस्त करतात, आणि भाऊजी त्या दुरुस्तीवर बोलतात. बोलणं हाच त्यांचा खरा धंदा, लिफ्ट ही जोडधंदा म्हणून आहे. वेबसाइट करायचं काम त्यांनी मला दिलं ते मी घरातली म्हणून, आणि माझं एकही म्हणणं ऐकलं नाही तेही मी घरातली म्हणूनच.

पहिल्याच बैठकीत त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. पानाच्या माथ्यावर कंपनीचं बोधचिन्ह, त्याच्या शेजारी हाताची घडी घातलेला त्यांचा फोटो, खाली ‘विश्वासाची पंचवीस वर्षं’, आणि हे सगळं पान सरकवलं तरी वर चिकटून राहिलं पाहिजे. मी फोनवर मोजून दाखवलं की या पट्ट्याने पडद्याचा तिसरा भाग खाल्ला. फोन आडवा धरला तर अर्ध्याहून जास्त पडदा भाऊजींचा, आणि उरलेल्या फटीत लिफ्ट. भाऊजींना यात काही गैर दिसलं नाही. लोकांनी माणूस बघूनच काम द्यायचं असतं, असं ते म्हणाले.

फोन नंबर मात्र कुठेच नव्हता. तो ‘संपर्क’ नावाच्या पानावर, तळाला, एका फॉर्मच्या खाली होता. फॉर्मला अकरा रकाने होते. इमारतीचं नाव, लिफ्ट कोणत्या साली बसवली, आमच्याविषयी कुठून कळलं, वगैरे. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लटकलेल्या माणसाने ही सगळी माहिती भरायची, मग ‘पाठवा’ दाबायचं, आणि उत्तर येईपर्यंत आयुष्याचा आढावा घ्यायचा. हे मी भाऊजींना सांगितलं. प्रत्येक पानावर नंबर टांगणं म्हणजे पत्रकं वाटल्यासारखं दिसतं, असं त्यांचं मत पडलं.

खरी गोम वेगळी होती, आणि ती त्यांनी स्वतःच सांगून टाकली. एकदा फॉर्म चालू झाला की फोनपाशी माणूस बसवून ठेवायची गरज नाही. फोनपाशी बसलेलं माणूस म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या वहिनी. त्यांना आता आराम द्यायचा आहे, असं भाऊजी फार मायेने म्हणाले. ही माया मधल्या पातळ दारातून बाहेरच्या खोलीत व्यवस्थित ऐकू जात होती, कारण वहिनी तिथेच बसलेल्या होत्या.

वहिनी त्या खुर्चीत एकोणीस वर्षं आहेत. एक फोन, एक वही, एक पाण्याची बाटली. मी बाहेर आले तेव्हा त्या कुणाशी तरी बोलत होत्या. ‘घाबरू नका. कुठल्या मजल्यावर अडकलात? खाली बसा, आणि दार जोर लावून उघडायला जाऊ नका. माणूस निघालाय.’ आवाज एवढा संथ की मलाच खाली बसावंसं वाटलं. माणूस पोचेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडच्या बाईला मुलं किती, मोठा काय करतो, हे विचारत राहिल्या. मग वहीत दोन ओळी लिहिल्या आणि माझ्याकडे वळल्या.

‘घरी बसून काय करू गं मी?’ त्या म्हणाल्या. ‘इथे निदान कुणाला तरी माझी गरज लागते.’

मला आधी राग आला आणि मग वाईट वाटलं, आणि या दोन्हींच्या भरात मी आत जाऊन पैज लावली. एक महिना माझ्या पद्धतीने वेबसाइट चालवायची. फॉर्मही ठेवायचा, फोनही ठेवायचा, दोन्ही सगळ्या पानांवर सारखेच हाताशी. महिन्याच्या शेवटी वेबसाइटवरून फोन जास्त आले तर वहिनींची खुर्ची हलणार नाही. फॉर्म जास्त आले तर भाऊजींचा फोटो माथ्यावर आणि वहिनींना आराम. भाऊजींनी लगेच मान्य केलं. मीही छाती फुगवून घरी आले, कारण बारा वर्षं मी लोकांना हेच शिकवत आले आहे की संपर्क नेहमी अंगठ्याच्या टप्प्यात हवा.

काम मी झकास केलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाजेची जागा पुढे आहे. वरचा पट्टा बोटभर उंचीचा ठेवला. डावीकडे छोटं बोधचिन्ह, उजवीकडे ‘फोन करा’ हे बटण आणि मेनूच्या तीन रेघा. पान कितीही सरकवा, पट्टा जागचा हलत नव्हता, आणि एखाद्या मथळ्यावर उडी मारली तर मथळा त्याच्या खाली लपतही नव्हता. तीन रेघा दाबल्या की मेनूत सगळ्यात आधी नंबर, मग बाकीची पानं, आणि मेनू उघडा असताना मागचं पान सरकत नव्हतं. बटणं घाम आलेल्या अंगठ्यालाही सापडतील एवढी मोठी. तळपट्टीत पुन्हा नंबर, पत्ता, कामाच्या वेळा, फॉर्मची वाट. कोपऱ्यातला ‘चॅट करा’ म्हणणारा गोळा बरोबर तळपट्टीतल्या नंबरावर येऊन बसत होता, तो काढून टाकला. लिफ्टमध्ये नेट रडतखडत येतं, म्हणून फोटो उतरायच्या आधी नंबर दिसेल अशी सोय केली.

हे सगळं वेबसाइटच्या चौदाही पानांवर एकाच ठिकाणाहून येत होतं. एकदा बदललं की सगळीकडे बदललं. हे मी भाऊजींना दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा स्वतःवरच खूश झाले.

महिना संपला. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो. वहिनी प्रत्येक फोनला नंबर कुठून मिळाला हे विचारून वहीत लिहितात. त्यात वेबसाइटवरून आलेले फोन होते चार. फॉर्म आले होते नऊ. त्यात दोघं आम्हालाच काहीतरी विकू पाहत होते आणि एकाला नोकरी हवी होती, पण नऊ म्हणजे नऊ. भाऊजींनी चेहऱ्यावर दुःख आणायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

मी घाईघाईने लॅपटॉप उघडला. कुठलं बटण किती वेळा दाबलं गेलं याची मोजणी वेबसाइट ठेवते. ‘फोन करा’ त्रेसष्ट वेळा दाबलं गेलं होतं. मी आकडा सगळ्यांना वळवून दाखवला, आणि आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे मला कळलं नाही.

‘त्रेसष्ट?’ भाऊजी वहिनींकडे बघून म्हणाले. ‘मग तू उचललेच नाहीस की.’

एकोणीस वर्षांत वहिनींचा एक फोन सुटलेला मला माहीत नाही. त्या जेवायला बसल्या तरी फोन ताटाशेजारी असतो. त्यांनी वही मिटली. मग पर्समधून आपला मोबाइल काढला, वेबसाइट उघडली, आणि आमच्या दोघांच्या देखत वरच्या पट्ट्यातलं बटण दाबलं. आम्ही टेबलावरच्या फोनकडे बघत राहिलो. तो शांत होता.

वाजली माझी पर्स.

कुणीच हललं नाही, म्हणून ती वाजत राहिली. मला सगळं एकदम आठवलं. बटणाला दोन नंबर द्यावे लागतात, एक दिसणारा आणि एक दाबल्यावर लागणारा. करून बघताना वहिनींचा फोन उगाच खणखणू नये म्हणून मी दोन्हीकडे माझा नंबर घातला होता. वेबसाइट चालू करायच्या दिवशी दिसणारा बदलला. लागणारा विसरले. तो चौदा पानांवर, माथ्यावर, मेनूत आणि तळाला, माझ्याच कौशल्याने, एकसारखा चुकीचा होता. ज्या चौघांनी संगणकावर नंबर वाचून स्वतः फिरवला, तेवढेच वहिनींपर्यंत पोचले.

आणि मला कळलं का नाही? कारण अनोळखी नंबर माझ्या फोनवर वाजतच नाहीत. तशी सोय मी करून घेतली आहे. कर्ज विकणारे फार छळतात. जगाला संपर्काचं महत्त्व शिकवणाऱ्या बाईशी संपर्क साधता येत नाही. वहिनींचा नंबर ओळखीचा, म्हणून तो वाजला.

न उचललेल्या फोनांची यादी मी त्यांच्यासमोरच उघडली. कर्ज विकणारे वगळून अठ्ठावन्न; उरलेल्या पाचांनी घंटा जायच्या आतच बंद केला असावा. एकाच नंबरावरून सात मिनिटांत चार. तो दिवस मला आठवत होता. त्या दुपारी मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला समजावत होते की अडचणीतला माणूस दुसऱ्यांदा प्रयत्न करत नसतो.

मी त्या नंबरला फोन लावला. एका बाईने उचलला. सोबत सासूबाई होत्या, त्यांना दम लागत होता, अर्ध्या तासाने शेजाऱ्यांनी बाहेर काढलं, असं तिने सांगितलं. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं की उचलायचा नसतो तर नंबर देता कशाला. मला इतकी शरम याआधी कधी वाटली नव्हती. वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला, माफी मागितली, माझं नाव घेतलं नाही, आणि सासूबाई आता कशा आहेत ते विचारलं.

फोन ठेवल्यावर भाऊजींनी घसा साफ केला. फॉर्ममध्ये निदान असली चूक होत नाही, असं ते म्हणू लागले.

‘अठ्ठावन्न फोन आणि नऊ फॉर्म,’ वहिनी म्हणाल्या. ‘खुर्चीचं त्यातच ठरलं. पण माझा फोन वाजलाच नव्हता, आणि तुम्ही आधी मलाच विचारलंत की उचलला का नाहीस.’

भाऊजींना बोलता येत नाही असा प्रसंग मी पहिल्यांदाच पाहिला. एरवी मला मजा वाटली असती. त्या दिवशी चूक माझी होती आणि बोल वहिनींना लागला होता.

लागणारा नंबर मी तिथेच बदलला. दोन मिनिटांचं काम. मग वहिनी म्हणाल्या की आता करून बघा, चौदाही पानं, माथा, मेनू आणि तळ, सगळं. बेचाळीस फोन. मी माझा मोबाइल उचलला, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि भाऊजींना आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. भाऊजी निमूटपणे आत गेले आणि दार लोटून घेतलं.

टेबलावरचा फोन वाजला. वहिनींनी तो दुसरी घंटा व्हायच्या आत उचलला. ‘घाबरू नका. कुठल्या मजल्यावर अडकलात?’ त्यांनी वहीत खूण केली आणि ठेवला. पुन्हा वाजला. प्रत्येक वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात, एक शब्द न गाळता. विसाव्या फोनला पातळ दारामागून भाऊजींचा आवाज मला थेटच ऐकू आला.

‘अगं, मीच आहे.’

‘माहीत आहे,’ वहिनी म्हणाल्या. ‘कुठल्या मजल्यावर अडकलात?’

मग भाऊजी हळूच म्हणाले, ‘तळमजल्यावर. चुकलं माझं.’

‘खाली बसा,’ वहिनी म्हणाल्या. ‘माणूस पाठवते. पण आज वेळ लागेल.’