जावईबापूंच्या परवानग्या

पानशेतच्या धरणाजवळ फुलाबाईंची खानावळ होती. पैसे घ्यायचं ॲप त्यांच्या मोबाईलवर जावयानं, इंद्रजितनं, घालून दिलं होतं आणि त्या उपकाराच्या जोरावर तो दर रविवारी फुकट जेवायचा.

एका रविवारी मेसेज आला, की व्यायामाच्या कुठल्याशा ॲपसाठी उद्या ऑटोपेनं पैसे कापले जातील. लेक शेफालीनं ऑटोपेची यादी उघडली. व्यायाम, सिनेमा, भविष्य आणि क्रिकेट, अशा चार परवानग्या चालू होत्या.

“आई, हे सगळं यांचंच आहे!”

“घडीघडी पिन टाकायला लावत होता, त्यो ह्यासाठी व्हय?”

जेवता जेवता इंद्रजित म्हणाला, “व्यायामाचं ॲप मी कधीच काढून टाकलंय.”

“ॲप काढलंत, परवानगी कुठं काढलीत?” शेफालीनं विचारलं.

फुलाबाई एकेक परवानगी उघडून, दरवेळी पिन टाकून रद्द करू लागल्या.

“आई, क्रिकेटचं तेवढं राहू द्या.”

फुलाबाईंनी त्याच्या सुटलेल्या पोटाकडं तुच्छतेनं पाहिलं. “मॅच बघायला बी सासूचा पिन लागतो व्हय तुमाला?”

ती परवानगीही त्यांनी रद्द केली. पुढच्या रविवारी शेफाली एकटीच आली.