बाबांनी पुसलेला मेसेज

माझे बाबा चष्मे बनवतात आणि रुसण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. काकानं स्वतःचं दुकान थाटलं तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. त्याचं चॅट बाबांनी आर्काइव्हमध्ये ढकललेलं, म्हणजे पुसायचंही नाही आणि दिसायलाही नको.

आज काकाकडे बनवलेला चष्मा घेऊन एक गिऱ्हाईक आलं, दांडीचा स्क्रू आवळायला. बाबा काचेची कड अंगठ्यानं चाचपत राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर आतल्या स्टुलावर बसून ते जुनं चॅट वर सरकवू लागले. मीही खांद्यावरून डोकावले. मला कोण अडवणार?

वर नुसती धमाल. काकानं पाठवलेले उलट्या चष्म्यातले फोटो, बाबांचे हसरे चेहरे, "दादा, डबा विसरलास, मी खाल्ला." बाबा स्वतःशीच हसत होते. मग शेवट आला.

बाबांचा मेसेज: "उद्घाटनाला किती वाजता येऊ?" खाली काकाचं उत्तर: "येऊ नकोस."

"बघ," बाबा म्हणाले. "मी सरळ विचारलं, आणि हा असा. फोन त्यानंच करायला हवा."

मला पटेना. डबा खाऊन वर कळवणारा माणूस उगाच असं तोडून बोलेल? मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा बाबा पुटपुटले की मध्ये, काकाचं उत्तर लवकर येईना म्हणून, रागाच्या भरात त्यांनी आणखी एक मेसेज टाकला होता, "तुला काचेची कड धड घासता येत नाही, दुकान काय चालवणार." पण लगेच पुसला, चष्मा न घालताच, घाईघाईत.

मी परत स्क्रीन पाहिली. सगळ्यांसाठी पुसलं असतं, तर त्या जागी 'तुम्ही हा मेसेज डिलीट केला' अशी ओळ राहिली असती. इथे ओळ नव्हती. म्हणजे बोट 'माझ्यासाठी डिलीट करा'वर पडलं होतं.

बाबांना खरं वाटेना, म्हणून मी त्यांच्या फोनवरून मला "भोपळा" पाठवला आणि तसाच पुसला. त्यांच्याकडून भोपळा गायब. माझ्या फोनवर मजेत बसलेला.

बाबांचा चेहरा पार उतरला. "म्हणजे त्यानं वाचलं. आणि मी त्याच्याच फोनची वाट बघत बसलोय."

आता ठरवायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी नंबर लावला. काकानं उचलला.

"मी तुला फार वाईट लिहिलं होतं," बाबा म्हणाले. "आज तुझं काम हातात घेऊन पाहिलं. कड माझ्यापेक्षा सरस घासतोस. चुकलं माझं."

मग काकाचा आवाज आला, "सरस म्हणालास ना, ते लिहून पाठव. फ्रेम करून काउंटरवर लावतो."

बाबा आधी हसले, मग नाक पुसलं आणि लगेच टाइप करायला बसले. पाठवण्याआधी मला दोनदा वाचून दाखवलं. काकाचं उत्तर आलं: "दादा, रविवारी दुकान बंद करून ये. गिऱ्हाइकांसमोर रडायला नको."