चार अटॅच्ड आणि एक रांग

नव्या घराचा पहिला नकाशा बघून सगळे खूश झाले. चार खोल्या, चार अटॅच्ड बाथरूम. जुन्या घरात एकाच मोरीवर सकाळची हातघाई बघितलेल्या माणसांना आणखी काय हवं? थोरल्या सुनेला तर आपल्या खोलीला लागून असलेला तो छोटा चौकोन पुन्हा पुन्हा बघावासा वाटत होता.

पण बघता बघता ती थबकली. "आत्या हॉलशेजारी झोपणार. त्यांनी कुणाच्या खोलीतून जायचं? पाहुणे आले तर?"

"जातील की आमच्यातून," धाकटी जाऊ म्हणाली आणि स्वतःच हसली. "नको बाई! सकाळी सकाळी नको."

आर्किटेक्टबाईंनी पेन्सिल घेतली. "अटॅच्डचं हेच असतं. दोघांच्या आंघोळी झाल्या की ते दिवसभर रिकामं, पण बाहेरच्याला कुलूप. शिवाय चार कोपऱ्यांत चार डक्ट, म्हणजे पाइप उतरवायचे चार उभे बोळ. तुमच्या खोलीचा पाइप डक्टपर्यंत उताराने न्यायचा तर खालच्या जेवणघराच्या छतातून जाईल."

"म्हणजे आम्ही जेवताना डोक्यावरून..." सासूबाईंनी हात जोडले. "त्यापेक्षा उपास बरा."

सगळ्यांच्या नजरा थोरलीकडे वळल्या. खोली तिचीच होती. नवरा पुटपुटला, "तुझी इतक्या वर्षांची हौस आहे."

तिला क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. मग ती म्हणाली, "मला अटॅच्ड नकोय, मला खोळंबा नकोय. आपल्याकडे एकजण आत दात घासत बसतो आणि पोटात कळ आलेला बाहेर नाचतो. ते वेगळं करता येईल?"

आर्किटेक्टबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी मधोमध एकच रुंद डक्ट आखला. त्याच्या एका अंगाला खाली सासू-सासऱ्यांचं आणि बरोबर त्यावर तान्ह्या बाळाच्या आईचं, धाकटीचं अटॅच्ड. दुसऱ्या अंगाला दोन्ही मजल्यांवर कॉमन: संडास वेगळा, न्हाणीघर वेगळं, दोन्हींना आपापलं दार आणि बेसिन बाहेर मोकळ्यावर.

"डक्टला दुरुस्तीसाठी दारही ठेवते," त्या म्हणाल्या.

ते दार पहिल्याच वर्षी कामाला आलं. एक सांधा गळू लागला, प्लंबर आत शिरला, आवळून बाहेर आला. एकही फरशी फोडावी लागली नाही.

आता सकाळी खाली आत्या न्हाणीघरात असताना चौथ्या खोलीतला सासऱ्यांचा पुतण्या संडासात असतो आणि थोरली खाली येऊन बेसिनवर वेणी घालते. मोठमोठ्याने गप्पा चालतात. सासरे स्वतःचं अटॅच्ड सोडून दाढीचं सामान घेऊन तिथेच येतात.

"बाबा, तुमचं आत रिकामं आहे ना?"

"आहे की. पण तिथे बोलायला कोण आहे? सरक जरा!"

तिने हसत आरशात त्यांना जागा करून दिली.