पंधरा मिनिटांची हद्द

आल्तो यारुमोच्या टेकडीवर आग लागली ती भर दुपारी. बंब पोहोचला तोवर तीन घरं बसली होती आणि लिसांद्रो नावाचा म्हातारा सुतार आपल्या लाकडासकट गेला होता. सांता फिलोमेना शहरानं चार दिवस हळहळ केली. मग महापालिकेनं चौकशी लावली आणि बंबाचा ड्रायव्हर ओविदिओ याला निलंबित केलं.

कारण सोपं होतं. नियोजन खात्याच्या भिंतीवर शहराचा मोठा नकाशा होता. अग्निशमन केंद्रापासून पंधरा मिनिटांत बंब जिथवर पोहोचतो तेवढा भाग त्यात हिरवा रंगवलेला होता. आल्तो यारुमो त्या हिरव्याच्या पोटात होतं, नकाशाच्या हिशेबानं अकरा मिनिटांवर. बंबाला लागली होती सव्वीस मिनिटं. म्हणजे ड्रायव्हर कुठंतरी कॉफी पीत बसला असणार, असं समितीनं जवळजवळ लिहूनच टाकलं.

केंद्राची प्रमुख यानेत किसेनो निलंबनाच्या दुसऱ्या दिवशी नियोजन खात्यात आली. गणवेशाला अजून धुराचा वास होता. खुर्ची न ओढता ती नोएलियाच्या टेबलासमोर उभी राहिली.

"नकाशे तूच बघतेस ना?"

"हो."

"मग मला सांग, अकरा मिनिटांत मी तिथं कशी पोहोचणार होते? माझ्या माणसानं सायरन लावून गाडी हाणली. मी शेजारी बसले होते. का मीही कॉफी पीत होते?"

नोएलिया आर्बोलेदा या खात्यात आठ वर्षं होती. तो नकाशा तिच्याही आधीचा, राजधानीहून आलेल्या सल्लागारांनी करून दिलेला. त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, तिनंही नाही. आणि तिची आई आल्तो यारुमोतच राहत होती, जळालेल्या घरांच्या दोन गल्ल्या खाली.

"बस जरा," ती म्हणाली. "बघू या."

असा नकाशा कसा होतो ते तिला पाठ होतं. प्रत्येक रस्ता चौका-चौकात तोडायचा. प्रत्येक तुकड्याची लांबी आणि त्यावरचा वेग घातला, की तो पार करायला किती वेळ लागतो ते निघतं. मग संगणक केंद्रापासून सुटतो आणि पाटाच्या पाण्यासारखा सगळ्या वाटांनी पसरतो. कुठल्याही ठिकाणी जी वाट सगळ्यात आधी पोहोचवते ती धरायची, आणि वेळ संपली की जिथं असेल तिथं थांबायचं. थांबलेल्या टोकांना वेढून काढलेली रेघ म्हणजे हद्द.

सल्लागारांनी वेग धरला होता पाटीवर लिहिलेला, चढाला आणि उताराला एकच. पाण्यानं भरलेला बंब चढावर कसा कण्हतो हे त्यांनी बहुधा कधी ऐकलं नव्हतं. पण तेवढ्यानं दुप्पट फरक पडत नाही. नोएलियानं केंद्र ते आल्तो यारुमो ही वाट संगणकाला काढायला सांगितली. लाल रेघ हमरस्त्यानं सरळ गेली, दरीवरच्या पुलाच्या मध्यावर आली आणि तिथून काटकोनात वळून यारुमोच्या गल्लीत शिरली.

यानेत वाकून बघत राहिली. "हा पूल ना? अगं, गल्ली तर त्याच्या खालून जाते."

"वर पूल, खाली गल्ली. कागदावर दोन रेघा एकमेकींना छेदतात. कुणीतरी तिथं चौक करून टाकलाय."

"म्हणजे तुमच्या नकाशात माझ्या बंबानं पुलावरून उडी मारली."

"हो."

यानेत हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "चौदा टनांचा बंब. आणि खाली लिसांद्रोच्या दारात बरोबर उतरला."

पुढचे काही आठवडे नोएलियानं दुसरं काम हातात घेतलं नाही. खोटा चौक तोडला. बंबांमध्ये बसवलेल्या यंत्रांतून गेल्या वर्षभराचे खरे वेग काढले, चढाचे वेगळे, उताराचे वेगळे, बाजाराच्या वेळचे वेगळे. एकदिशा रस्ते तपासले. जिथं गल्लीची पायऱ्यांची वाट होते तिथं गाडीचा रस्ता संपवला. मग ती स्वतः बंबात बसून दोनदा टेकडीवर गेली. खरी वाट दरीच्या टोकाला वळसा घालून, जुन्या कत्तलखान्यापासून वर चढत होती. नवा हिशेब आणि हातातलं घड्याळ जवळपास जुळलं. हिरव्या रंगाची कड टेकडीच्या पायथ्यालाच थांबली आणि सगळं आल्तो यारुमो पांढरं राहिलं.

खात्याचे प्रमुख फाबिओ रेंदोन यांनी तो नकाशा बराच वेळ पाहिला. "बरोबर आहे हे?"

"दोनदा तपासलंय, साहेब."

"मग मांड सभेत. मी अडवणार नाही."

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की नोएलियाला थोडं नवल वाटलं. पण आनंदच जास्त झाला.

सभेला टेकडीवरून चाळीसेक माणसं आली. रहिवासी मंडळाचे आल्देमार गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. तिची आई रोस्मीरा त्यांच्या मागं. नोएलियानं पुलाचा घोळ दाखवला, वाट दाखवली, पांढरा भाग दाखवला. ओविदिओवरचा ठपका त्याच बैठकीत काढला गेला. टेकडीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आपण बंबाच्या आवाक्यापलीकडे आहोत हे ऐकून टाळ्या वाजवणारी माणसं तिनं पहिल्यांदाच पाहिली. त्यांचं म्हणणं साधं होतं : आता तरी केंद्र मिळेल.

"माझ्या पोरीनं काढलंय ते," रोस्मीरा शेजारणीला सांगत होती. "लहानपणी हिला साधी सरळ रेघ जमत नव्हती."

नवं केंद्र कुठं बांधायचं हा हिशेबही नोएलियाकडेच आला. पाच जागा दिल्या होत्या आणि प्रश्न एकच होता : कुठल्या जागेमुळे पंधरा मिनिटांच्या आत नव्यानं जास्तीत जास्त माणसं येतात? तिनं प्रत्येक जागेपासून हद्द काढली, आतली वस्ती मोजली, जुन्या केंद्राच्या हद्दीत आधीच असलेली वगळली. टेकडीवरची जागा शेवटून पहिली आली. तिथं सहाशे घरं. खालच्या मैदानात सपाट रुंद रस्ते, नव्या इमारती, पंधरा मिनिटांत बंब कुठल्या कुठं जाऊन येईल आणि माणसं अकरा हजार.

तिनं आकडे पुन्हा काढले. तेच आले. अहवालाच्या शेवटी तिनं स्वतःहून एक परिच्छेद जोडला : पुलावरून गल्लीत उतरणारा एक उताराचा रस्ता बांधला, तर जुन्याच केंद्रातून आल्तो यारुमो चौदा मिनिटांत येतं. म्हणजे सल्लागारांनी कागदावर केलेला चौक खरा करायचा, एवढंच.

केंद्र मैदानात मंजूर झालं. उताराच्या रस्त्याबद्दल सभेत चकार शब्द निघाला नाही. मग पावसाळा उलटल्यावर शहर विकासाचा नवा आराखडा आला. त्यात एक वाक्य होतं : आपत्कालीन सेवा पंधरा मिनिटांत पोहोचू शकत नाही अशी वस्ती निवासास अयोग्य समजली जाईल. तिथं घराचे कागद मिळणार नाहीत, नवी नळजोडणी मिळणार नाही, रहिवाशांना टप्प्याटप्प्यानं हलवण्यात येईल. सोबत नकाशा. नोएलियाचाच, तिनं निवडलेल्या रंगांत.

ती तडक रेंदोनांच्या खोलीत गेली.

"साहेब, हा नकाशा यासाठी केला नव्हता."

"नकाशा कशासाठी केला हे नकाशावर लिहिलेलं नसतं, नोएलिया." ते शांतपणे म्हणाले. "ती टेकडी रिकामी करायचं दहा वर्षं चाललंय. दर वेळी कोर्टात पुरावा मागायचे, आणि आमचाच जुना नकाशा आडवा यायचा. आता कुणी शंका घेणार नाही. तू फार नीट काम केलंस."

"आणि तो उताराचा रस्ता? माणसं हलवण्यापेक्षा त्याला कमी खर्च येईल."

"वाचलं मी ते. चांगलं लिहिलंयस."

त्यांनी दुसरी फाइल उघडली. बोलणं संपलं होतं.

रविवारी ती आईकडे गेली. गल्लीत लहानपणापासून ओळखणारी माणसं दारात बसली होती. कुणी शिवी दिली नाही. कुणी हाकही मारली नाही. आल्देमार गुरुजी आईच्या स्वयंपाकघरात तिची वाट बघत बसले होते. समोरचं गुळाचं गरम पाणी निवून गेलं होतं.

"बाळ," ते म्हणाले, "आम्हाला परत आत घे."

"गुरुजी, तसं नाही करता येत."

"का नाही? आधी होतोच की आम्ही आत. ती रेघ थोडी वर सरकव. तो चौक होता तसा ठेव. कोण बघतंय?"

"खोटं होतं ते. त्या खोट्यामुळेच लिसांद्रो..."

"लिसांद्रो आगीत गेला." गुरुजींचा आवाज चढला नाही. "आम्हाला तू कागदावर घालवतेयस. खोट्या नकाशात इतकी वर्षं राहिलो, पोरं वाढवली. खऱ्या नकाशानं वर्षभरात उठवायला काढलं. तूच सांग, कुठला बरा?"

नोएलियानं आईकडे पाहिलं. रोस्मीरा तव्यावर मक्याची भाकरी उलटत होती आणि तिनं पाठ फिरवलेलीच ठेवली.

गुरुजी गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "सभेत सगळ्यांदेखत तुझं कौतुक केलं मी. त्या बायका आता ते मला म्हणून दाखवतात."

नोएलियानं जमेल ते केलं. उताराच्या रस्त्याचा वेगळा प्रस्ताव लिहिला, यानेतकडून सही आणली, आराखड्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या टेकडीच्या माणसांच्या वकिलाला तो दिला. वकिलानं कोर्टात मांडला. न्यायाधीशांनी तो वाचला आणि म्हणाले, नसलेल्या रस्त्यावर निकाल देता येत नाही; आहे त्या नकाशावर देता येतो. महापालिकेच्या वकिलानं नकाशाच्या खाली असलेलं तिचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. नकाशा चुकीचा आहे का, असं तिला विचारलं गेलं. ती म्हणाली, नाही.

टेकडी दोन वर्षांत रिकामी झाली. ओविदिओनं स्वतःची गाडी आणून कितीतरी जणांचं सामान खाली पोहोचवलं, भाडं घेतलं नाही. नोएलिया दिसली की तो टोपी काढायचा, तिच्यामुळे नोकरी परत मिळाली म्हणून. तिला वाटायचं, यानं तरी तोंड फिरवावं.

रोस्मीराला मैदानातल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर घर मिळालं. नवं केंद्र समोरच्या रस्त्यावर, खिडकीतून दिसेल असं. रात्री-अपरात्री सायरन वाजला की ती उठून बसते. कोंबड्या ठेवायची परवानगी नाही. टेकडीवरच्या शेजारणी शहरभर विखुरल्या. एक जण फोन करायची, तीही थांबली. नोएलिया दर रविवारी जाते. दोघी जेवतात, डाळींबद्दल आणि औषधांबद्दल बोलतात. नकाशाचा विषय आई काढत नाही, आणि नोएलियालाही तो काढता येत नाही.

गेल्या महिन्यात खात्यात नवं काम आलं : जिल्हा रुग्णालयापासून पंधरा मिनिटांत कुठवर जाता येतं ते काढायचं. नदीपलीकडची दोन गावं कडेला पडतात हे नोएलियाला हिशेब करायच्या आधीच दिसत होतं. त्या गावांवर कुणाचा डोळा आहे, हे विचारायला ती रेंदोनांच्या दारापर्यंत गेली. त्यांनी मान वर केली.

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली. मग जागेवर येऊन तिनं रस्त्यांचे तुकडे तपासायला घेतले, एकेक चौक, पूल कुठं आणि खालची वाट कुठं, नेहमीसारखं नीट.