मामाने पास केलेली गाडी

टोइंगच्या ट्रकवर काळी गाडी लादलेली होती आणि ड्रायव्हरशेजारी बॅग मांडीवर घेऊन अपेक्षा बसली होती. चिकलठाण्याच्या आपल्या गॅरेजच्या दारात गोकुळने हे पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. गाडी बिघडल्याचं त्याला फोनवर कळलं होतं. भाचीचं कुणी सांगितलं नव्हतं.

"मामा, गाडी बसली," अपेक्षा खाली उतरत म्हणाली. "सासरे म्हणाले, गाडी दुरुस्त झाली की गाडीतच ये."

लग्नाला उणंपुरं दीड वर्ष झालं होतं.

नानासाहेबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, बोलणी करताना हुंड्याचा शब्दही काढला नव्हता. असली माणसं शब्द काढतच नाहीत. "आम्हाला काही नको, पोराला एक गाडी द्या, तुमच्या इतमामाला शोभेल अशी," एवढंच म्हणाले. अपेक्षाचे वडील शिवराज राहायचे पुंडलिकनगरात, नोकरी कारखान्यात. गावाकडच्या जमिनीचा तुकडा विकून त्यांनी चौदा लाख उभे केले आणि मेव्हण्याला विचारलं, "गोकुळ, तुझा जन्म गाड्यांत गेला. चौदात काय येतं?"

गोकुळने एका कागदावर दोन रकाने पाडले. एकीकडे शोरूममधली नवी मध्यम गाडी. दुसरीकडे दहा वर्षांची जर्मन गाडी, जी नवी असताना साठ लाखांच्या वर होती आणि आता चौदाला मिळत होती. वर किंमत सारखी, खाली सगळं वेगळं. नवीची सर्व्हिस वर्षाला आठ हजार, जुनीची काही बिघडलं नाही तरी पंचेचाळीस. टायर नवीला आठ हजाराचा, जुनीला वीसचा. नवीला तीन वर्षं वॉरंटी आणि अपघात झाला तर पार्टचे जवळजवळ पूर्ण पैसे देणारा विमा. जुनीला वॉरंटी नाही, विमेवाले प्रत्येक पार्टचा घसारा कापून निम्मेच हातावर टेकवणार. खाली त्याने ठळक लिहिलं: हवेचं सस्पेन्शन. त्या गाडीला स्प्रिंगच्या जागी हवेने फुगणारे चार रबरी फुगे होते. दहा वर्षांत रबराला चिरा पडतात. एक फुगा सव्वा लाखाचा. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही, असंही त्याने शेवटी लिहिलं होतं.

कागद चोख होता. शिवराजला पटलाही. पण जावई आणि नानासाहेब येऊन काळ्या गाडीत बसले, दार लागल्याचा तो जाड, मऊ आवाज त्यांनी ऐकला आणि तिथेच सगळं संपलं. "नवी गाडी काय, कुणाच्याबी दारात असती," नानासाहेब म्हणाले.

तरीही एक संधी होती. सुपारी फोडायच्या दिवशी भरल्या बैठकीत, पन्नास पाहुण्यांसमोर, नानासाहेबांनी गोकुळलाच विचारलं, "काय मामा, तुम्ही जाणकार. गाडी कशी हाय?"

खिशात तो कागद होता. समोर अपेक्षा पदर सावरत बसलेली, बहीण मंजुषा डोळ्यांनीच विनवत होती. मुलीच्या मामाने भर बैठकीत सोयरिकीत मिठाचा खडा टाकायचा नसतो, हे गोकुळला लहानपणापासून ठाऊक.

"नाव ठेवायला जागा नाय," तो म्हणाला. सगळे हसले आणि सुपारी फुटली.

ते वाक्य नानासाहेबांनी जपून ठेवलं. चार महिन्यांत टायर गेले, तेव्हा त्यांनी शिवराजला फोन केला, "तुमच्याच माणसानं पास केलेली गाडी हाय." ऐंशी हजार गेले. मग गिअरबॉक्स धक्के देऊ लागला, तेव्हा तेच वाक्य आणि दीड लाख. नवी गाडी बिघडली असती तर भांडण कंपनीशी झालं असतं. या गाडीची कंपनी म्हणजे पुंडलिकनगरचा बाप. प्रत्येक बिघाडाची किंमत सासरी अपेक्षाकडून वसूल व्हायची. आधी टोमण्यांनी, मग अबोल्याने, मग जेवणाच्या ताटावरून उठवून. गोकुळच्या कागदावर हा खर्च कुठेच नव्हता, आणि त्याची त्याला आता लाज वाटत होती.

गाडी लिफ्टवर घेतली. पुढचा उजवा फुगा फाटलेला. गळती सुरू झाल्यावर गाडी रात्रीतून एका बाजूला बसायची, तरी सासरचे ती तशीच चालवत राहिले. हवा भरून भरून कॉम्प्रेसरही जळला. दोन्ही मिळून दोन लाखांच्या घरात. पार्ट पुण्याहून मागवावे लागणार होते.

अपेक्षा माहेरी राहिली आणि रोज दुपारी मामाचा डबा घेऊन गॅरेजवर येऊ लागली. आधी गप्प असायची. चौथ्या दिवशी नट-बोल्ट वेगळे करत बसली, पाचव्या दिवशी हसलीही. सहाव्या दिवशी पार्टचा खोका आला.

तिने खोका पाहिला आणि डब्याचं झाकण हातातच धरून उभी राहिली.

"मामा, आला नाय म्हणून सांगता का? थोडे दिवस."

गोकुळने खोका जुन्या टायरांमागे सरकवला. शिवराजचा रोज सकाळी फोन यायचा आणि गोकुळ रोज खोटं बोलायचा. बैठकीतल्या खोट्यापेक्षा हे खोटं त्याला फार हलकं वाटत होतं.

नवव्या दिवशी शिवराज स्वतः आले. चेहरा ओढलेला. त्यांनी गोकुळला न विचारता थेट पार्टवाल्याकडे चौकशी केली होती. टायरांमागचा खोका शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

"बसव," ते म्हणाले.

"दाजी, पोरगी तिकडं सुखात नाय."

"तिकडून सांगावा आलाय. रविवारपर्यंत आली नाय तर परत येऊच नको म्हणतेत. बसव."

"बाबा," अपेक्षा म्हणाली, "नवी असती तर शोरूमला धाडली असती. जुनी हाय म्हणून मला धाडलं."

शिवराजने तिच्याकडे बघितलंच नाही. गोकुळला राहवलं नाही. "दाजी, हे शेवटचं नाय. एक फुगा बदलला, बाकीचे तीन त्याच वयाचे. त्यामागून इंजिनची चेन हाय बदलायची. ही गाडी दुरुस्त होत नसती, नुसती पुढं ढकलायची असती."

शिवराजने त्या गाडीच्या चकचकीत बॉनेटवरून हात फिरवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हे सुपारीला का नाय बोललास?"

गोकुळने खोका उघडला. त्याने पाना उचलला.

संध्याकाळी इंजिन चालू केलं. कॉम्प्रेसर घुमला आणि गाडीचा खाली बसलेला खांदा हळूहळू वर आला. शिवराज स्टिअरिंगवर बसले. अपेक्षाने मागचं दार उघडलं आणि थांबली.

"मामा, खरं सांगा. किती दिवस चालंल?"

पहिल्यांदाच गोकुळने त्या गाडीबद्दल अपेक्षाला खरं सांगितलं. "डावीकडचाबी गळायला लागलाय. तीन-चार महिने."

ऑगस्ट सरत आला होता. अपेक्षाने बोटांवर महिने मोजले. मग बॅग उघडून तिने आपला स्वेटर आणि शाल बाहेर काढली, घड्या नीट केल्या आणि मामाच्या हातावर ठेवल्या.

"हे इथंच राहू द्या," ती म्हणाली. "थंडी पडंल तवर मी येतेच."

दार लागलं, तोच जाड, मऊ आवाज करत.