शुभेच्छुक सम्राट

माझ्या नवऱ्याला अख्ख्या जगाचं प्रेम वर्षातून एकदाच येतं, पाडव्याच्या सकाळी. दात घासायच्या आधी ते मोबाइल हातात घेतात, कुणाची तरी गुढीची इमेज उचलतात आणि दिसेल त्या नावावर बोट ठेवत सुटतात. मेहुणे, साडू, दूधवाला, विम्याचा एजंट, सगळ्यांना तीच गुढी आणि तीच सोनेरी अक्षरं. "झालं," म्हणतात आणि आंघोळीला जातात. मी चिडवते, "अहो, वाढपी झालाय नुसतं. पंगतीत कोण बसलंय ते तरी बघा की!" ते हसतात.

मी तसलं पाठवत नाही. चार दिवस आधीपासून रोज थोड्या लोकांना लिहिते. माझा नियम एकच: नाव बदलून जे वाक्य दुसऱ्या कुणालाही पाठवता येईल, ते खोडायचं. मग 'सुखसमृद्धीचे जावो' आपोआप गळतं. उरतं ते त्या माणसाचं असतं. हाक आपण नेहमी मारतो तीच मारायची. त्याच्या घरात सरत्या वर्षी घडलेली एक गोष्ट आठवायची, आणि इच्छा अशी करायची की जी पुरी होताना डोळ्यांनी दिसेल. माझी मैत्रीण सुष्मिता हिचा गुडघा बदलला, तिला यंदा लिहिलं, "सुषे, वॉकर सोडलास ऐकलं. ह्या वर्षी माझे तीन मजले चढून ये, चहा टाकते." हातकणंगल्याच्या धोंडुबाई आत्यांना वाचता येत नाही, ऐकायला कमी येतं. त्यांना मोठ्यानं, सावकाश बोलून पाठवलं. त्यांनी ते शेजारणीला तीनदा ऐकवलं म्हणे.

यंदा एकच नाव राहिलं होतं. आक्कांचं.

आक्का म्हणजे यांची थोरली बहीण, कुरुंदवाडला दिलेली. त्यांचा एकुलता एक मुलगा सम्राट भाद्रपदात गेला. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. चोवीस वर्षांचा होता. कॉलेजची तीन वर्षं तो आमच्याकडे कोल्हापुरातच राहिला. मला मूल नाही. त्याच्या वासाचा शर्ट अजून आमच्या कपाटात आहे आणि मी तो धुतलेला नाही. त्याच्या आईला नवीन वर्षाचं काय लिहायचं? आमच्यात घरात माणूस गेलं की वर्ष होईतो गुढी उभारत नाहीत, आणि त्या घराला सणाच्या शुभेच्छाही देत नाहीत. पण काहीच लिहायचं नाही, हेही मला पटेना. चार दिवस मोबाइल घेऊन बसले आणि लिहून खोडत राहिले.

पाडव्याला सकाळी मी गुढीला कडुलिंब बांधत होते. यांचं जगावरचं प्रेम आत सुरू झालं होतं. गुढी उभी केली, हळदकुंकू वाहिलं आणि सहज मोबाइल बघितला. यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर इमेज टाकली होती. वर 'समस्त इंगवले परिवारातर्फे नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा'. खाली कोपऱ्यात गोलात हात जोडून, गॉगल लावून हसणारा सम्राट. शेजारी लिहिलेलं, शुभेच्छुक: सम्राट.

गेल्या पाडव्याला त्यानंच ती बनवली होती. मामांना कुणाची तरी उसनी इमेज नको म्हणून आमच्या घराचं नाव घालून केली, आणि कोपऱ्यात हौसेनं स्वतःचा फोटो चिकटवला. यांनी चष्मा न लावता गॅलरीतून आपलं आडनाव दिसलं तशी उचलली.

त्याहून वाईट खाली होतं. कुणीही बघितलं नव्हतं! 'तुम्हालाही', 'आपणांसही', जोडलेले हात, फुलं, आणि हंबीरराव दाजींच्या, म्हणजे आक्कांच्या यजमानांच्या, चुलतभावानं तर 'खूप छान इमेज' असं लिहिलं होतं. गेलेल्या पोराच्या तोंडाखाली सगळं गाव हात जोडत होतं. आणि त्या सगळ्याच्या शेवटी करड्या अक्षरांत एक ओळ आली. आक्का ग्रुपमधून बाहेर पडल्या होत्या.

मी आत गेले, यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि मोबाइल पुढं धरला. मला वाटलं होतं मी तडातडा बोलेन. पण त्यांचं तोंड बघून मी त्यांच्याशेजारी बसले.

त्यांनी आधी इमेज सगळ्यांसाठी डिलीट केली. मग आक्कांना फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला, तर बंद. दाजींना लावला. ते एवढंच म्हणाले, "ती आत हाय. बोलत न्हाय," आणि ठेवला.

"गेली माझी आक्का," हे म्हणाले. "आई गेल्यावर तिनंच केलं माझं. आता तोंड दावायचं न्हाय मला तिला."

मी म्हटलं, "लिहा मग. फोन चालू झाला की पयलं तुमचंच दिसू दे."

"तू लिही की. तुला येतंय."

मी लिहिलं. चांगल्या सहा ओळी, मोजून मापून. त्यांनी वाचलं आणि मोबाइल परत दिला. "ह्यात मी कुठं हाय?" म्हणाले. खरं होतं. नियम माझाच, आणि मीच तो मोडला होता. ते कुठल्याही भावानं कुठल्याही बहिणीला पाठवावं असं झालं होतं.

मग ते स्वतः बसले. पहिल्या झटक्यात लिहिलं, 'ती. आक्कास, सा. न. वि. वि., अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे.' मी म्हटलं, "हे बँकेला धाडताय काय? तिच्या समोर उभं ऱ्हाऊन काय म्हणला असता?"

"उभं ऱ्हायलाच जमलं नसतं."

"मग ते लिहा. आन पोराचं नाव लिहा."

ते घाबरले. "नाव? सगळी सांगत्यात, तिच्याम्होरं नाव काढू नका म्हणून."

"सहा महिनं सगळी तेच करत्यात. तिचं बरं झालंय काय त्यानं?"

चहा निवला, मी पुन्हा केला, तोही निवला. एक एक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, खोडलं, लिहिलं. मधेच विचारलं, शेवटी शुभेच्छा लिहायच्या की नाही. मी म्हटलं, तुम्हाला तिच्यासाठी खरंच काय पाहिजे ते लिहा, आणि तिच्यानं होईल एवढंच मागा. 'उत्तर दे' म्हणू नका, तिच्यावर ओझं टाकू नका. एवढंच मी सांगितलं. बाकी एका शब्दालाही हात लावला नाही, शुद्धलेखनालासुद्धा.

त्यांनी लिहिलं ते असं:

'आक्का, सकाळचा फोटो मी न बघता पाठवला. चष्मा नव्हता आन ध्यान बी नव्हतं. चुकलो. तुझ्यासमोर उभं ऱ्हायची हिंमत न्हाय म्हणून लिवतोय. सम्राट आमच्यात हुता तवा पाडव्याला गुढी उतरायच्या आधीच साखरगाठ तोडून खायाचा. मी वरडायचो. त्यो अजून एक मणी तोंडात टाकून पळायचा. आज गाठ तशीच हाय. कुणी हात लावला न्हाय. हे वरीस चांगलं जाऊ दे असं तुला मला म्हणवत न्हाय. तू दोन येळा जेव, एवढंच मागतो. रविवारी येतो. बोलू नको वाटलं तर बोलू नको, नुसता बसतो. विजू.'

पाठवलं. एकच टिक आली. फोन बंदच होता. मी नैवेद्य केला, पुरण दोघांच्याही ताटात तसंच राहिलं. मोबाइल ताटाशेजारी होता. त्यावर शुभेच्छा येतच होत्या, रंगीत, चमचमणाऱ्या, आणि प्रत्येक वेळी हे दचकून बघायचे. दुपारी दोन टिका झाल्या. मग निळ्या झाल्या. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं, संपलं. बहीण गेली यांची.

आणि आक्कांचा आवाज आला. त्यांना टाइप करायचा कंटाळा, त्या बोलूनच पाठवतात.

"विजू, तुला वाटत आसंल फोटोचा राग आला. फोटोचा न्हाय रे आला. त्याचं त्वांड दिसलं, बरंच वाटलं एकदम. राग आला त्या नव्या वरसाचा. सम्राट भादव्यात गेला, पर वरीस तेच हुतं न्हवं? मी मनाला म्हणायची, ह्या वरसात माझं पोरगं हुतं. पाडव्याला हुतं, बेंदराला हुतं, बैलाची शिंगं रंगवली त्यानं. आता आजपासनं मानसं म्हणणार, गेल्या वर्षी गेला. मग म्हणणार, दोन वरसं झाली. मला नवं वरीस नको हुतं, विजू. आन तुमी सगळी ते आलं म्हणून हात जोडाय लागला." मग म्हणाल्या, "रविवारी नको. आज ये."

यांनी ते एकदाच ऐकलं. गुढी सूर्यास्ताला उतरवतात, आम्ही उन्हातच उतरवली. ऐन सणाला शोकाच्या घरी जायचं नाही वगैरे शेजारच्या अंबूबाई सांगायला आल्या होत्या, त्यांना मी दारातूनच वाटेला लावलं. इचलकरंजीमार्गे मोटरसायकलवरून कुरुंदवाडला पोचलो. सगळ्या वाटेनं दारोदार गुढ्या. आक्कांचं दार तेवढं रिकामं होतं.

आक्का सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, जमिनीवर बसल्या होत्या. किती बारीक झाल्या होत्या! उठल्या नाहीत. "बस," म्हणाल्या. हे बसले. मी पाणी आणलं, कुणी घेतलं नाही. लिहिल्याप्रमाणे हे खरंच काही बोलले नाहीत, आणि मलाही तोंड बंद ठेवता आलं, हे माझ्या दृष्टीनं नवलच. आतल्या खोलीत दाजी पडून होते. ते बाहेर आले नाहीत.

उन्हं कलली तेव्हा आक्का म्हणाल्या, "विजू."

"हां आक्का."

"तू कसा वरडायचास त्याच्यावर?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"वरड की एकदा," आक्का म्हणाल्या. "ह्या घरात त्याला कुणी हाक मारंना झालंय. मी मारली तर मानसं मला येड्यागत बघत्यात. तू वरड."

"आक्का, मला न्हाय जमायचं."

"लिवलास तवा जमलं न्हवं?"

यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. घसा साफ केला.  आणि आला, आमच्या घरातला जुना, खोटा रागाचा आवाज, मी तीन पाडवे ऐकलेला.

"ए सम्राट! हात काढ त्या गाठीवरचा! सांजंपातुर दम निघंना व्हय रं तुला?"

आक्कांनी डोळे मिटले. मला त्यांचं तोंड बघवेना, माझंच रडू आवरेना.

आत कॉट करकरली. हंबीरराव दाजी दारात आले. झोपेतून उठल्यासारखे त्यांनी आधी सोप्यात सगळीकडं बघितलं, मग बाहेरच्या दाराकडं बघितलं, आणि मग आम्ही तिघंच आहोत हे दिसल्यावर चौकट धरून हळूहळू खाली बसले.